घरचा छोटा बार : आधी पेये ठरवा, मग बाटल्या आणा

घरी छोटा बार करायचा ठरले की बहुतेक जण थेट दुकानात जातात आणि दिसायला आकर्षक अशा आठ-दहा बाटल्या घेऊन येतात. घरी आल्यावर लक्षात येते की बर्फ नाही, माप नाही, आणि या दहा बाटल्यांतून एकही पेय पूर्ण होत नाही. मी स्वतः पहिल्या महिन्यात बारा बाटल्या जमवल्या होत्या. त्यांपैकी दोनच संपल्या. तीन उघडून खराब झाल्या आणि बाकीच्या वर्षभर तशाच पडून राहिल्या. पैसा कमी असताना ही चूक फार महागात पडते. या लेखात चार बाटल्यांचा बार कोणत्या क्रमाने उभा करावा ते सांगितले आहे. हा क्रम उलटा केला की खर्च वाढतो आणि पेय बिघडते.

सुरुवात करण्यापूर्वी आपण राहतो तिथे मद्य विकत घेण्याचे वय, परवाना आणि घरात ठेवता येणारे प्रमाण यांचे नियम पाहून घ्यावेत. घरात मुले असतील तर कुलूप लागणारे कपाट हा खरेदीच्या यादीतला पहिला जिन्नस मानावा.

१. दोन घडणी आणि सहा पेये ठरवा

बारमध्ये मिळणारी शेकडो पेये मोजक्याच घडणींवर उभी असतात. छोट्या बारसाठी त्यांपैकी दोन पुरेशा आहेत. पहिल्या घडणीत मद्य, आंबट आणि गोड हे तीन घटक असतात आणि हे पेय शेकर नावाच्या बंद भांड्यात हलवून करतात. दुसऱ्या घडणीत मद्य, व्हरमूथ आणि बिटर्स असतात आणि हे पेय बर्फावर चमच्याने ढवळतात. व्हरमूथ म्हणजे वनौषधी घातलेली, थोडे जास्त मद्य मिसळून तीव्र केलेली वाईन. बिटर्स म्हणजे मसाल्यांचा आणि वनस्पतींच्या मुळांचा कडू अर्क, जो थेंबांनी वापरतात.

या दोन घडणींसाठी चार बाटल्या लागतात : एक जिन, एक व्हिस्की, गोड लाल व्हरमूथची छोटी बाटली आणि बिटर्सची छोटी बाटली. लिंबू, साखर आणि सोडा घरात असला की एवढ्यातून जिन सावर, टॉम कॉलिन्स, व्हिस्की सावर, व्हिस्की हायबॉल, ओल्ड फॅशन्ड आणि मॅनहॅटन अशी सहा पेये होतात. टॉनिक आणले तर जिन-टॉनिक हे सातवे.

आपल्याला यांपैकी कोणती पेये खरोखर आवडतात ते कागदावर लिहा. व्हिस्की आवडतच नसेल तर तिच्या जागी पांढरी रम घ्या. मग व्हिस्कीची चारही पेये यादीतून जातील आणि रम, लिंबू व साखरेची डायकिरी येईल. बाटली बदलली तरी चालते, पण पेय ठरवण्याआधी बाटली विकत घेऊ नये.

तपासणी : यादीतल्या प्रत्येक बाटलीसमोर तिच्यातून होणारी पेये लिहा. व्हरमूथचा अपवाद सोडता एखाद्या बाटलीसमोर एकच पेय येत असेल तर ती बाटली सध्या वगळा.

२. पैशांची वाटणी करा

एकूण खर्चाचे शंभर भाग मानले, तर माझ्या अनुभवाने ५५ भाग बाटल्यांसाठी, २० साधनांसाठी, १५ ग्लासांसाठी आणि १० बर्फाचे साचे, लिंबे, साखर व सोडा यांसाठी ठेवावेत. नवशिक्याच्या वाटणीत बाटल्याच ९० भाग खातात आणि मग माप अंदाजाने घेतले जाते. मध्यम प्रतीची जिन अचूक मापात घेतली तर पेय चांगले होते. महागडी जिन अंदाजाने ओतली तर ते हमखास बिघडते.

३. साधने आधी घ्या आणि तपासून घ्या

पहिले साधन म्हणजे जिगर, अर्थात मद्य मोजायचा दोन तोंडांचा पेला. एका बाजूला ६० मिलि आणि दुसऱ्या बाजूला ३० मिलि असलेला, आतून १५ आणि २० मिलिच्या खुणा असलेला जिगर निवडावा. बाजारातल्या स्वस्त जिगरांची मापे अनेकदा चुकीची असतात, म्हणून घरी आल्यावर तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासावा. काट्यावर रिकामा पेला ठेवून आकडा शून्य करा, जिगर काठोकाठ पाण्याने भरून त्यात ओता आणि वजन पाहा. ६० मिलि पाण्याचे वजन ६० ग्रॅम भरले पाहिजे. एक-दोन ग्रॅमांचा फरक चालेल, पण पाच ग्रॅमांचा फरक निघाला तर तो जिगर परत करा. लिंबाच्या रसात ५ मिलि जास्त पडले की अख्खे पेय आंबट होते, आणि नवशिक्या मात्र जिन वाईट आहे असे समजतो.

दुसरे साधन शेकर. तीन भागांचा, वर गाळणी आणि टोपण असलेला शेकर दिसायला सुबक असतो, पण थंड झाल्यावर धातू आकसतो आणि टोपण घट्ट बसते. पाहुणे समोर असताना ते निघता निघत नाही. दोन स्टीलच्या टिनांचा बॉस्टन शेकर स्वस्त असतो, धुवायला सोपा असतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. त्याच्यासोबत स्प्रिंग असलेली हॉथॉर्न गाळणी घ्यावी लागते. चहाची बारीक गाळणी घरात असेल तर दुसरी बारीक गाळणी विकत घेण्याची गरज नाही.

याशिवाय लांब दांड्याचा बार स्पून, हाताने दाबायचा लिंबू स्क्वीझर आणि साल काढायचा पीलर हवा. ढवळण्यासाठी वेगळे काचपात्र घ्यायला नको, कारण शेकरचा मोठा टिन तेच काम करतो. तांब्याचे मग, धूर सोडणाऱ्या टोप्या आणि स्टीलचे थंड खडे हे सर्व पहिल्या वर्षी टाळावे.

तपासणी : मोठ्या टिनात अर्धा पेला पाणी आणि बर्फ घाला, छोटा टिन थोडा तिरका बसवून तळहाताने वरून एक ठोका द्या आणि शेकर उलटा करा. पाणी ठिबकता कामा नये. उघडताना दोन टिनांमधली फट जिथे सुरू होते, त्या बाजूला तळहाताच्या टाचेने आडवा ठोका दिला की टिन सुटतात. साध्या पाण्यावर दहा वेळा हा सराव करा.

इशारा : सोडा, टॉनिक किंवा कोणतेही फसफसणारे पेय शेकरमध्ये कधीही हलवू नका. वायूच्या दाबाने टिन उडतात.

४. बर्फाची सोय करा

बर्फ हा पेयाचा घटक आहे, कारण तयार पेयाचा साधारण चौथा हिस्सा वितळलेल्या बर्फाचे पाणी असते. फ्रिजसोबत येणाऱ्या ट्रेमधले पातळ, अर्धचंद्राकार तुकडे पटकन वितळतात. तीन-साडेतीन सेंटीमीटर बाजूचे चौकोनी तुकडे पडणारे दोन सिलिकॉन साचे घ्या. फ्रीझर उणे १८ अंशांवर ठेवा. बर्फ घट्ट झाल्यावर साच्यातून काढून बंद पिशवीत साठवा, कारण उघडा बर्फ फ्रीझरमधल्या मासळीचा आणि कांद्याचा वास ओढून घेतो आणि तो वास थेट ग्लासात उतरतो.

बर्फ वापरण्याजोगा आहे का, हे बोटाने कळते. फ्रीझरमधून नुकताच काढलेला तुकडा कोरडा असतो, बोटाला किंचित चिकटतो आणि त्याच्यावर पांढरट झाक असते. दहा-पंधरा मिनिटे भांड्यात पडलेला तुकडा चकचकीत आणि ओला दिसतो. ओल्या बर्फावर आधीच पाण्याचा थर असतो आणि ते सगळे पाणी पेयात जाते. म्हणून बर्फ शेवटी काढावा. पाहुणे येण्याआधी तासभर बर्फाचे भांडे सजवून ठेवणे ही फार नेहमीची चूक आहे.

५. बाटल्या निवडा

जिन लंडन ड्राय प्रकारची, किमान ४० टक्के अल्कोहोलची घ्यावी. जुनिपर या फळाची चव ठळक असलेली साधी जिन लिंबू आणि टॉनिक दोन्हींत टिकते. फुले आणि फळे घातलेल्या सुगंधी जिन एखाद्याच पेयात शोभतात. व्हिस्की बर्बन किंवा राय प्रकारची घ्यावी. पीट या दलदलीतल्या जळाऊ मातीचा धूर दिलेली सिंगल माल्ट मॅनहॅटनमध्ये व्हरमूथला दाबून टाकते, शिवाय तिची किंमत मिश्रणात वाया जाते. दोन्ही बाबतीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग बाटली टाळून मधली घ्यावी. मिश्रणात महाग मद्याचे बारकावे लपतात, पण स्वस्त मद्याची झोंबणारी चव लपत नाही.

७५० मिलिच्या बाटलीतून ६० मिलिची १२ मापे निघतात, एवढा हिशेब डोक्यात असला की किती घ्यायचे ते कळते. प्रत्येकी एक बाटली पुरे.

बिटर्सची छोटी बाटली एका पेयाला दोन-तीन शिंतोडे या दराने वर्षभर सहज चालते. ती खराब होत नाही, म्हणून फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही.

आता व्हरमूथ. सर्वाधिक घरांत चुकते ते इथे, म्हणून सविस्तर सांगतो. व्हरमूथमध्ये अल्कोहोल १५ ते १८ टक्क्यांच्या आसपास असते. जिन किंवा व्हिस्कीसारखी ती उघडी टिकत नाही, कारण ती मुळात वाईन आहे आणि हवा लागली की तिचा ऱ्हास सुरू होतो. तरीही लोक तिला व्हिस्कीच्या शेजारी कपाटात ठेवतात, आठ महिन्यांनी तिचा मॅनहॅटन करतात आणि हे पेय आपल्याला आवडत नाही असा निष्कर्ष काढतात. मीही असा निष्कर्ष काढला होता. पुढे ताजी बाटली उघडून जुनीच्या शेजारी एक-एक चमचा चाखला, तेव्हा फरक समजला. ताजीमध्ये संत्र्याची साल, दालचिनीसारखा मसाला आणि शेवटी स्वच्छ कडूपणा होता. जुनी तपकिरी पडलेली, शिळ्या मनुकांच्या पाण्यासारखी सपाट, आणि मागून शिरक्याची आंबट झाक देणारी होती.

म्हणून व्हरमूथची ३७५ मिलिची बाटली मिळाली तर तीच घ्यावी, भले मोठी बाटली हिशेबाने स्वस्त पडो. उघडल्या दिवशी चिठ्ठीवर तारीख लिहून बाटलीला चिकटवावी आणि बाटली लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. पहिला महिना ती उत्तम असते आणि दुसऱ्या महिन्यात चालते. त्यानंतर तिच्यावर पेय करू नये. बाटली अर्धी झाली की उरलेली व्हरमूथ स्वच्छ छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावी. हवेची जागा कमी झाल्याने ती थोडी जास्त टिकते.

इशारा : शिशाच्या स्फटिकाच्या जुन्या शोभिवंत सुरईत मद्य साठवू नका. शिसे हळूहळू मद्यात उतरते. मद्य मूळ बाटलीतच, उभे, उन्हापासून दूर ठेवावे. आडवी ठेवल्यास तीव्र मद्य बुचाला खाते.

६. पाक करा आणि लिंबे पिळा

साखर शेकरमध्ये नीट विरघळत नाही, म्हणून तिचा पाक लागतो. २०० ग्रॅम साखर आणि २०० ग्रॅम गरम पाणी ढवळून विरघळवले की सव्वातीनशे मिलिच्या आसपास पाक होतो. उकळू नये, कारण पाणी उडून गोडी वाढते. वाटीने मोजूनही चालत नाही. एक वाटी साखर एक वाटी पाण्यापेक्षा वजनाने कमी भरते आणि पाक फिका होतो. उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्यास तो तीन आठवडे टिकतो. गढूळपणा किंवा तंतू दिसले तर फेकून द्यावा.

लिंबाचा रस त्याच दिवशी काढावा आणि काही तासांत संपवावा. बाटलीबंद रसाने पेयाला शिजल्यासारखी चव येते. ताज्या रसाला पर्याय नाही.

इशारा : लिंबे पिळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका. कातडीवर राहिलेला रस आणि ऊन यांच्या संयोगाने भाजल्यासारखे डाग आणि फोड येऊ शकतात.

७. दोन पेये करून संच तपासा

आधी जिन सावर करा. छोट्या टिनात २५ मिलि लिंबाचा रस, २० मिलि पाक आणि ६० मिलि जिन या क्रमाने घाला. स्वस्त घटक आधी घातले की माप चुकल्यास जिन वाया जात नाही. हे मिश्रण १०५ मिलि झाले. मग छोटा टिन बर्फाने भरा, बंद करा आणि १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. टिनाच्या बाहेरून बाष्प गोठल्यासारखे दिसेल आणि तो हातात धरवणार नाही इतका गार होईल. दोन्ही गाळण्यांतून मापाच्या भांड्यात गाळा आणि किती भरते ते पाहा. १४० ते १५० मिलि असेल तर सर्व ठीक आहे. १७० मिलिच्या वर गेले तर बर्फ ओला किंवा फार बारीक होता. १२५ मिलिच्या खाली राहिले तर हलवणे कमी पडले आणि पेय घशाला झोंबेल. हे मोजमाप एकदाच करायचे, पण ते टाळू नये, कारण चव का बिघडली हे जिभेपेक्षा या आकड्यावरून लवकर कळते.

मग मॅनहॅटन करा. मोठ्या टिनात बिटर्सचे दोन शिंतोडे, ३० मिलि व्हरमूथ आणि ६० मिलि व्हिस्की घाला, बर्फ भरा आणि चमच्याची पाठ टिनाच्या भिंतीला लावून ३० सेकंद शांतपणे फिरवा. ९० मिलिचे साधारण ११५ ते १२० मिलि झाले पाहिजे. हे पेय हलवू नये. हलवल्याने त्यात हवेचे बुडबुडे आणि बर्फाचे कण शिरतात आणि ते गढूळ दिसते.

ग्लास दोनच प्रकारचे पुरतात : जाड बुडाचे बुटके आणि उंच सरळ, प्रत्येकी चार. सावर आणि मॅनहॅटन बुटक्या ग्लासात उत्तम देता येतात. वापरण्याआधी १५ मिनिटे ते फ्रीझरमध्ये ठेवा.

८. चौघांच्या संध्याकाळची तयारी

स्वतःसह चौघे आहेत, पहिल्या फेरीत टॉम कॉलिन्स आणि दुसऱ्या फेरीत मॅनहॅटन द्यायचे आहे, असे धरू. टॉम कॉलिन्स म्हणजे वरचाच जिन सावर, पण उंच ग्लासात ताज्या बर्फावर गाळून वरून ८० मिलि सोडा घातलेला. चौघांसाठी २४० मिलि जिन, १०० मिलि रस, ८० मिलि पाक आणि ३२० मिलि सोडा लागतो. एका लिंबातून २० ते ३० मिलि रस निघतो. पाच लिंबांचा हिशेब बसला तरी सात आणावीत, कारण दोन तरी कोरडी निघतात. मॅनहॅटनला २४० मिलि व्हिस्की आणि १२० मिलि व्हरमूथ लागेल.

कमी पडतो तो बर्फ. हलवायचा आणि ग्लासातला मिळून एका पेयाला सुमारे ३०० ग्रॅम धरावा, म्हणजे आठ पेयांना जवळपास अडीच किलो. दोन साच्यांतून हे एका रात्रीत होत नाही. तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ साचे रिकामे करून पिशवीत भरत राहावे लागते.

त्या दिवशीचा क्रम असा ठेवा : दुपारी पाक आणि सोडा फ्रिजमध्ये, तासभर आधी लिंबे पिळलेली, पाव तास आधी ग्लास फ्रीझरमध्ये, आणि बर्फ पाहुणा खुर्चीत बसल्यावर. शेकरमध्ये एका वेळी दोनच पेये हलवा. चार एकदम केली की बर्फाला हलायला जागा राहत नाही आणि पेय गार होत नाही.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांना आधी सांगावी. ४० टक्क्यांच्या ६० मिलि मद्यात सुमारे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. मॅनहॅटनमध्ये व्हरमूथ धरून ते २३ ग्रॅमच्या आसपास जाते. बियरच्या ३३० मिलिच्या साध्या बाटलीत ते १३ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे दोन ग्लासांची ही संध्याकाळ तीन बियरपेक्षा जास्त भरते, आणि गोड-आंबट चवीमुळे ते जाणवत नाही. प्रत्येक ग्लासासोबत पाण्याचा ग्लास ठेवा, खाणे आधी वाढा आणि गाडी चालवणाऱ्याला लिंबू, पाक आणि सोडा एवढेच द्या.

९. पाचवी बाटली केव्हा आणि कोणती

यादीतली सहाही पेये न बघता जमू लागली आणि व्हरमूथची पहिली बाटली खराब होण्याआधी संपली, म्हणजे पाचव्या बाटलीची वेळ झाली. नव्या बाटलीने असलेल्या बाटल्यांच्या मदतीने किमान तीन पेये दिली पाहिजेत, ही कसोटी मी लावतो. काम्पारी, म्हणजे वनौषधींचे कडू-गोड लाल मद्य, या कसोटीला उतरते. जिन, काम्पारी आणि व्हरमूथ प्रत्येकी ३० मिलि घेऊन निग्रोनी होते, जिनच्या जागी व्हिस्की घेतली की बुलवार्डियर होते, आणि जिन-व्हिस्की वगळून व्हरमूथ, काम्पारी व सोडा घेतला की अमेरिकानो होते. शिवाय तिन्हींत व्हरमूथ लागत असल्याने ती वेळेत संपते. निळ्या रंगाची क्युरासाओ किंवा खरबुजाची लिकर घेतली तर एखादेच पेय होते आणि उरलेली बाटली दोन वर्षे जागा अडवते.

क्रीम लिकर, म्हणजे दुधाची साय घातलेले गोड मद्य, मात्र हाताशी असावी म्हणून घेऊ नये. ती उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून काही महिन्यांत संपवावी लागते. तिच्यावरही व्हरमूथसारखी तारखेची चिठ्ठी लावा. ओतताना गुठळी दिसली किंवा आंबूस वास आला, तर चाखून न पाहता बाटली रिकामी करा.